मोटर थांबली, तरी पट्टा ओढतोच

चढावरच्या कन्व्हेयरची मोटर बंद केली, तरी पट्ट्यावरचा माल त्याला खाली ओढत राहतो आणि पट्टा ताणून धरणारे वजन लोंबकळतच असते. म्हणून शक्य तेव्हा आधी पट्टा रिकामा करतात. मग मुख्य स्विच पाडून प्रत्येक कामगार त्यावर स्वतःचे कुलूप लावतो, नाव-तारखेचा टॅग अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. आपत्कालीन दोरी ओढणे पुरेसे नाही. तिने यंत्र थांबते, पण वीजपुरवठा तुटत नाही. त्यानंतर वजन उचलून साखळीने बांधतात, पट्टा क्लॅम्पने जखडतात. माणसे दूर करून सुरू करण्याचे बटण दाबून पाहतात. मोटर गप्प असूनही पट्टा इंचभर सरकला, तर ताण शिल्लक आहे; काम सुरू करायचे नाही.