उत्तरं नको, प्रश्न लिहा

नोकरभरतीच्या व्हिडिओत एक क्षण हमखास येतो. गणवेशातल्या ताई कॅमेऱ्याकडे बघत म्हणतात, "येथे मला प्रगतीच्या उत्तम संधी उपलब्ध झाल्या." ताई खऱ्या, नोकरी खरी, कदाचित प्रगतीही खरी. पण हे वाक्य एचआरमधल्या कुणीतरी लिहून दिलंय, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. बोलताना "येथे" कोण म्हणतं?

यावर इलाज म्हणून अनेकजण संवाद 'साधे' करून देतात. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण साधं वाक्यही पाठ केलं की पाठच वाटतं. अशा व्हिडिओची संहिता खरं तर दोनदा लिहायची असते. चित्रीकरणाआधी फक्त प्रश्न लिहायचे आणि माणसं काय बोलली हे हातात आल्यावर त्यातून व्हिडिओ लिहायचा.

समजा, चाकणच्या एका कारखान्याला सीएनसी ऑपरेटर हवेत आणि आयटीआय झालेली मुलं-मुली हा व्हिडिओ बघणार आहेत. तिथल्या एखाद्या ऑपरेटरताईंना "कंपनी कशी वाटते?" असं विचारलं, तर "छान वाटते" यापलीकडे काही मिळणार नाही. "पहिल्या आठवड्यात काय बिघडलं होतं?" असं विचारलं, तर कदाचित हे मिळेल : "ऑफसेट चुकीचा टाकला, टूल तुटलं. म्हटलं, आता घरीच पाठवतात. सुपरवायझर आले आणि म्हणाले, आधी मशीन बंद कर, मग रड." इथले वरिष्ठ सांभाळून घेतात, हे आता वेगळं सांगायला नको. सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी कशा पोचता, पहिल्या पगारातून काय घेतलं, घरच्यांना तुमचं काम कसं समजावता, हे प्रश्नही याच जातीचे. त्यांना गुळगुळीत उत्तर देताच येत नाही.

हे प्रश्न आधी पाठवू नयेत. पाठवले की ताई रात्री बसून उत्तरं लिहून काढणार. चार दिवस आधी फोनवर गप्पा माराव्यात, कोणत्या विषयांवर बोलायचं एवढं सांगावं, आणि त्यांनी गोष्ट रंगात येऊन सांगायला घेतली तर "थांबा, ही कॅमेऱ्यासमोर सांगा" म्हणावं. दुसऱ्यांदा सांगताना पहिल्याची गंमत जाते. पाठांतर ओळखायची खूणही सोपी आहे. आठवून सांगणारा माणूस अडखळला तर तिथूनच पुढे जातो. पाठ केलेला माणूस वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असं झालं की "परत बोला" म्हणू नये. तोच विषय दुसऱ्या टोकाने विचारावा.

विचारणाऱ्याने लेन्सच्या अगदी शेजारी, ताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं, म्हणजे त्या माणसाशी बोलतील. व्यवस्थापकांना मात्र चहाला पाठवावं. साहेब मागे उभे असले की प्रत्येक उत्तर त्यांच्या कानांसाठी येतं, आणि हे कुठल्याही संकलनात लपत नाही.

वीस मिनिटांचं बोलणं मिळालं की ते 'म्हणजे', 'ना' यांसकट शब्दशः उतरवून घ्यायचं. दीड मिनिटाच्या व्हिडिओत साधारण दीडशे-पावणेदोनशे शब्द मावतात, म्हणजे बहुतेक मजकूर गळणारच. कागदावर खुणा करून जे उरतं, ती खरी संहिता. काटछाट केलेल्या जागी चित्र उडी मारतं. तिथे मायक्रोमीटरने माप घेणारे त्यांचे हात दाखवावेत. सगळे 'म्हणजे' मात्र काढू नयेत, थोडे राहू द्यावेत. मोह होतो तो 'पण' कापायचा. "पगार बरा आहे, पण पहिले सहा महिने ओढाताण झाली" यातला पूर्वार्धच ठेवला, तर वाक्य ताईंचं असलं तरी म्हणणं त्यांचं राहत नाही. शिवाय ती ओढाताण नव्या मुलांना रुजू झाल्यावर कळणारच आहे.

ही पद्धत काही आजची नाही. 1935 मध्ये ब्रिटनमधल्या गॅस उद्योगाच्या पैशांवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा माहितीपट निघाला. त्यात लंडनच्या गरीब वस्तीतले रहिवासी आपल्या खोल्यांत उभे राहून ढेकूण-उंदरांबद्दल आपल्याच शब्दांत बोलतात. पैसा जाहिरातीचा होता, तरी ती माणसं आजही खरी वाटतात.

या पद्धतीला मर्यादाही आहे. जिथे ओव्हरटाइमचे पैसे अडकलेत, तिथे कितीही चांगले प्रश्न विचारा, माणसं मोकळेपणाने बोलणार नाहीत. अशा वेळी व्हिडिओ पुढे ढकलून आधी पैसे द्यावेत.

आणि एक कागद विसरू नका. तयार व्हिडिओ ताईंना आधी दाखवा, नको वाटलं तर त्यांना नाही म्हणता येऊ द्या, आणि उद्या त्यांनी नोकरी सोडली तर तो किती दिवसांत काढणार, हे संमतीपत्रात आजच लिहा.