फोटोतलं मशीन नेमकं कोणतं? ऑक्सिजन, शुगर की दम्याचं: आकडा वाचण्याआधी हे बघा

घरातल्या आजारी माणसाजवळ ठेवलेल्या मशीनचा फोटो काढायचा आणि पुण्या-मुंबईतल्या मुलाला, गावातल्या आशाताईंना किंवा ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, हे आता घरोघरी चालतं. सोबत एवढंच लिहिलेलं असतं, "९६ आलंय, ठीक आहे का?" पण ९६ म्हणजे काय? ऑक्सिजन ९६ असेल तर चांगला. उपाशीपोटी शुगर ९६ असेल तर तीही चांगली. नाडी ९६ म्हणजे जरा जलद. आणि कधी कधी तोच ९६ दिसत असताना माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायची गरज असते. ते कसं, हे पुढे बघू. आधी मशीन ओळखायला शिकू.

आकडा नंतर, आधी मशीन कुठे लावलंय ते बघा

बोटाला कपड्याच्या चिमट्यासारखं काही लावलेलं दिसलं तर ते पल्स ऑक्सिमीटर. आत लाल दिवा चमकतो, वर छोटा स्क्रीन असतो. त्यावर दोन आकडे येतात. `SpO2` किंवा `%SpO2` लिहिलंय तो ऑक्सिजन आणि `PR` किंवा `bpm` लिहिलंय ती नाडी, म्हणजे एका मिनिटात पडणारे ठोके. याला सुई नाही, रक्त नाही, पट्टी नाही.

तळहातावर मावेल असं मशीन आणि त्याच्या एका टोकाला खोचलेली बारीक पट्टी दिसली तर ते ग्लुकोमीटर, म्हणजे शुगरचं मशीन. फोटोत आजूबाजूला पट्ट्यांची डबी आणि बोटाला टोचायचं पेन बहुधा असतंच. स्क्रीनवर एकच मोठा आकडा आणि त्याच्याजवळ `mg/dL` लिहिलेलं असतं. इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्क्रीनवर `HI` आलं तर तो नमस्कार नाही. शुगर मशीनला मोजता येते त्याच्याही वर गेली आहे, असा त्याचा अर्थ. `Lo` आलं तर फारच खाली गेली आहे. दोन्ही वेळा उद्यापर्यंत थांबू नका. दुसरी गोष्ट, फोटोत पट्टी खोचलेली नसेल तर तो आकडा मशीनने साठवून ठेवलेला जुना असू शकतो. बटण दाबलं की बऱ्याच मशीनवर मागची शुगर दिसते.

दंडाला पट्टा बांधलेला असेल तर ते बीपीचं मशीन. त्यावर तीन आकडे येतात: वरचं बीपी, खालचं बीपी आणि नाडी.

नेब्युलायझर आकडा दाखवत नाही

नेब्युलायझर म्हणजे एक डबा, त्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला औषध घालायची छोटी वाटी आणि तोंडावर लावायचा मास्क. फोटोत ती वाटी शोधा, ती दिसली की शंका राहत नाही. बहुतेक मशीनवर चालू-बंदचं बटण सोडलं तर वाचायला काहीच नसतं. डब्यातला पंप हवा ढकलतो आणि वाटीतल्या औषधाचं बारीक धुकं होतं, एवढंच त्याचं काम.

मास्क आणि नळी बघून पुष्कळांना ते ऑक्सिजनचं मशीन वाटतं. तसं नाही. घरी वापरायचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर गुडघ्याएवढा उंच असतो, खाली चाकं असतात आणि समोर काचेच्या नळीत वर-खाली होणारी गोळी दिसते. नेब्युलायझर घरातलीच साधी हवा फेकतो. दम्यात औषध आत गेल्यावर श्वासनळ्या मोकळ्या होतात आणि माणसाला बरं वाटतं, पण ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला नुसता नेब्युलायझर लावून बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे. वाफ घ्यायचं भांडं आणखी वेगळं. त्यात पाणी तापतं आणि लांब नळी नसते. नेब्युलायझरचं औषध त्यात घालू नका.

उलट्या फोटोतला धोका

आता त्या ९६ कडे येऊ. समजा, आजीला दम लागतोय. तुम्ही समोर बसून तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा फोटो काढला. फोटोत डावीकडे ९६ आणि उजवीकडे ९८ दिसतंय. तुम्ही म्हणाल, ऑक्सिजन ९६, नाडी ९८, काळजी नाही. पण मशीन तुमच्या बाजूने उलटं होतं. आता मोबाइल गोल फिरवून तोच फोटो सरळ बघा. उजवीकडचा आकडा डावीकडे आला आणि `98` चा `86` झाला. डावीकडचा `96` उजवीकडे गेला, तो मात्र उलटा करूनही `96` च राहिला. म्हणजे आजीचा ऑक्सिजन ८६ आणि नाडी ९६ आहे. घरी थांबायची ही वेळच नाही.

मशीनवरचे इंग्रजी आकडे रेघांचे बनलेले असतात. 6 उलटा केला की 9 होतो, 8 तसाच राहतो. म्हणून ही फसगत होते. उलट प्रकारही घडतो. खरा `98` उलटा पाहिला की `86` वाटतो आणि घरात धावपळ सुरू होते.

ओळखायची खूण सोपी आहे, इंग्रजी येत नसलं तरी चालेल. `SpO2` मधलं छोटं `p` बघा. त्याचं शेपूट खाली असेल तर फोटो सरळ, वर असेल तर उलटा. नुसत्या `%` चिन्हावर जाऊ नका, ते उलटं केलं तरी तसंच दिसतं. काही मशीनवर बटण दाबलं की आकडे फिरतात, त्यामुळे बोट कुठल्या बाजूने घातलंय यावरूनही ठरवू नका.

फोटो पाठवताना

बोट घातल्या घातल्या येणारा आकडा धरू नका. हात स्थिर ठेवून साधारण मिनिटभर थांबा, आकडा एका जागी टिकला की फोटो काढा. बोट गार असेल, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. हात चोळून गरम करा, दुसऱ्या बोटाला लावून बघा.

फोटोत फक्त स्क्रीन नको. पूर्ण मशीन, त्यावरची अक्षरं आणि ते शरीराला जिथं लावलंय ती जागा दिसू द्या. सोबत लिहा: कोणाचं आहे, किती वाजता मोजलं, शुगर असेल तर जेवणाआधी की नंतर.

ऑक्सिजन साधारण ९५ ते १०० असावा. ९४ च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांसाठी हा आकडा वेगळा असू शकतो, तो त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलाच धरा. शुगर ७० च्या खाली गेली तर माणूस शुद्धीवर असताना लगेच साखर-पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. आणि माणसाला बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर पडत असतील, तर मशीनवर कितीही चांगला आकडा असो, फोटोच्या उत्तराची वाट न बघता १०८ ला फोन करा.