तीन वर्तुळांचं दुकान

यंत्रात पंधरा रुपयांचा बिस्किटपुडा आहे आणि ते फक्त पाच आणि दहाची नाणी घेतं. एका गिऱ्हाइकाने पाचची दोन नाणी टाकली, दुसऱ्याने दहाचं एकच. यंत्राच्या लेखी दोघेही एकाच जागी उभे आहेत: दहा रुपये जमा, पाच बाकी. ते दहा कसे आले, हे लक्षात ठेवायची त्याला गरजच नसते. सगळा नियंत्रक या एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणून कागदावर तीनच वर्तुळं काढायची: ०, ५ आणि १० रुपये जमा. यांना अवस्था म्हणतात. प्रत्येक नाण्यासाठी एक बाण. ५ वरून दहाचं नाणं पडलं की बाण ० कडे परततो आणि त्यावर लिहायचं: पुडा द्या. १० वरून दहाचंच पडलं, तर पुडा द्या आणि पाच परत करा. काय द्यायचं हे बाणावर लिहिण्याची ही रीत जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये मांडली. एडवर्ड मूर यांच्या रीतीत ते वर्तुळातच लिहितात. मग १५ आणि २० अशी आणखी दोन वर्तुळं लागतात.

वर्तुळं सर्किटला कळत नाहीत, म्हणून त्यांना दोन बिटांचे संकेत देतात: ० साठी 00, ५ साठी 01, १० साठी 10. खालच्या तक्त्यात N म्हणजे नाणं नाही, F म्हणजे पाच, T म्हणजे दहा. तिरप्या रेघेआधी पुढची अवस्था. रेघेनंतरचा पहिला अंक पुड्याचा, दुसरा सुट्ट्या पाचाचा.

```
Q1Q0    N       F       T
00    00/00   01/00   10/00
01    01/00   10/00   00/10
10    10/00   00/10   00/11
11    00/00   00/00   00/00
```

पाच, पाच, दहा अशी नाणी टाकून पाहा. 00 वरून 01, तिथून 10, आणि शेवटी `00/11`: पुडाही मिळतो, पाचही परत.

शेवटची ओळ फालतू वाटते, कारण 11 ही अवस्था आकृतीत नाहीच. पण वीज येताच फ्लिप-फ्लॉप कुठल्याही स्थितीत जागे होऊ शकतात. ही ओळ मोकळी सोडली, तर 11 वरून पुन्हा 11 असंही सर्किट बनू शकतं. मग यंत्र नाणी गिळतं, देत काहीच नाही, आणि वीज बंद-चालू केली की कधी कधी शहाण्यासारखं वागू लागतं. हे लक्षण दिसलं की आधी ही ओळ तपासावी.

नाणं सेन्सरसमोरून जायला लागणारा वेळ घड्याळाच्या एका ठोक्यापेक्षा खूप मोठा असतो. तो संकेत थेट जोडला, तर एकच पाचचं नाणं अनेकदा मोजलं जाऊन पुडा फुकट पडतो. म्हणून संकेत सुरू होण्याचा क्षण तेवढा पकडून नियंत्रकाला एकाच ठोक्यापुरता द्यावा लागतो.

सुट्ट्या पाचांची नळी रिकामी झाली, तर `00/11` हे वचन पाळता येत नाही. त्यासाठी नळीत नाणं आहे की नाही, हेही नियंत्रकाला कळवावं लागतं. नळी रिकामी असताना १० वरचा दहाचा बाण बदलतो: नाणं परत, अवस्था १० तशीच, आणि बाहेर ‘सुटे पैसे टाका’ हा दिवा.