शिवराईची इंग्रजी पाटी

संग्रहालयातल्या तांब्याच्या शिवराईखाली मराठी पाटी असते: ‘शिवराई, तांबे, मराठा काळ’. तिचं इंग्रजी करताना ‘शिवाजीज् कॉइन’ हे शब्द पटकन सुचतात. ते आटोपशीर आहेत, पण फसवे. नाण्याच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं, तरी महाराजांच्या नावाने शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या. म्हणून ‘इन द नेम ऑफ शिवाजी’ म्हणावं. चार शब्द वाढतात, पण चूक टळते.

‘छत्रपति’साठी ‘एम्परर’ लिहिलं, तर वाचकाला युरोपातला सम्राट दिसतो. मूळ पदवी ठेवून पुढे ‘सॉव्हरिन’ एवढा खुलासा पुरतो. अमुक शिवराई कोणत्या टांकसाळीची हे ठाऊक नसेल, तर इंग्रजीत नेमकं साल घालू नये. अक्षरांच्या वळणावरून ठरेल तेवढंच शतक द्यावं.

तयार पाटी अशी: ‘शिवराई. कॉपर कॉइन इन द नेम ऑफ शिवाजी, छत्रपति (सॉव्हरिन). मराठा, एटीन्थ सेंच्युरी’. जागा कमी पडली तर ‘सॉव्हरिन’ गाळावं, ‘इन द नेम ऑफ’ मात्र कधीही गाळू नये.