वजा सहा पावलं चालायची कशी?

मैदानाच्या मधोमध पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. मी गोट्यांचा डबा कुठेतरी पुरून ठेवलाय आणि तो सापडावा म्हणून तुम्हाला चिठ्ठी दिलीय. चिठ्ठीत दोन प्रकारे लिहिता येईल. एक : पूर्वेला ३ पावलं जा, मग उत्तरेला ४. दुसरा : उभ्या जागीच डावीकडे साधारण ५३ अंशांत वळा आणि नाकासमोर ५ पावलं चाला. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डब्यापाशी नेतात!

पहिली चिठ्ठी तुमच्या ओळखीची आहे. आलेख कागदावर आपण (३, ४) असा बिंदू मांडतो, तीच ही. दुसऱ्या पद्धतीत बिंदू सांगतात तो r आणि θ वापरून : किती लांब जायचं आणि किती वळायचं. यांना ध्रुवीय निर्देशक म्हणतात. वळायचं ते नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे.

एका चिठ्ठीवरून दुसरी लिहायची तर मध्ये काटकोन त्रिकोण उभा असतोच. ३ आणि ४ या त्याच्या बाजू, r हा कर्ण. पायथागोरसला विचारा, तो ५ सांगेल. उलट जायचं असेल तर ही दोन सूत्रं पुरतात :

x = r cos θ
y = r sin θ

आणि कोन? tan θ = y/x. इथे जरा जपून बरं का. समजा डबा (−३, −३) वर आहे, म्हणजे नैर्ऋत्येला. r येतो √18, साधारण ४.२४. y ला x ने भागलं की येतो १, आणि कॅल्क्युलेटर बेधडक सांगतो, कोन ४५ अंश. तसं वळून ४.२४ पावलं चाललात तर पोहोचाल ईशान्येला, डब्याच्या अगदी उलट टोकाला. कॅल्क्युलेटरची यात चूक नाही. वजाला वजाने भागल्यावर दोन्ही चिन्हं पुसली गेली, आता मूळ बिंदू कुठल्या चरणात होता हे त्याला कळणार कसं? ते आपणच बघायचं आणि १८० मिळवायचे. खरा कोन २२५ अंश.

किंवा एक गंमत करायची. तोंड ४५ अंशांकडेच ठेवायचं आणि ४.२४ पावलं मागे मागे जायचं! डबा तिथेच सापडेल. यालाच r = −४.२४ म्हणतात. वजा r म्हणजे तोंड एकीकडे आणि चाल उलटीकडे. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं फूल याच्यावरच उमलणार आहे.

आधी एक सोपी वक्ररेषा बघू : r = 4 cos θ. कोन बदलत जाईल तसा r बदलतो. शून्य अंशाला ४, साठला २, नव्वदला ०. हे बिंदू जोडले की वर अर्धगोल दिसतो. पुढे १२० अंशाला r येतो −२, म्हणजे मागे चालायचं, आणि बिंदू पडतो खाली उजवीकडे. १८० अंशापर्यंत खालचा अर्धगोलही पुरा होतो. हे खरंच वर्तुळ आहे का? दोन्ही बाजूंना r ने गुणा. r² = 4r cos θ. आता r² च्या जागी x² + y² लिहा आणि r cos θ च्या जागी x :

x² + y² = 4x

जरा मांडणी बदलली की (x − 2)² + y² = 4. केंद्र (२, ०), त्रिज्या २. वर्तुळच आहे, शंका नको.

आता कोनाला २ ने गुणून टाकू आणि लांबी जरा वाढवू : r = 6 cos 2θ. कोरा कागद, पट्टी आणि कोनमापक घ्या, एक एकक म्हणजे एक सेंटीमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, ते आधी तपासा. cos 60 दाबल्यावर ०.५ यायला हवं. −०.९५ आलं तर तो रेडियनवर आहे आणि तुमचं फूल होण्याआधीच विस्कटेल.

शून्य अंशाला ६ सेंमी. १५ अंशाला ६ × cos 30, म्हणजे ५.२. तीसला ३. पंचेचाळीसला cos 90, म्हणजे शून्य, आपण परत मध्यबिंदूत. उजवीकडच्या पाकळीची ही वरची अर्धी कड झाली. मध्याशी ती ४५ अंशाच्या रेषेला घासूनच आत शिरते, म्हणून ती रेषा आधी फिकट आखून ठेवली तर हात वाकडा जात नाही.

पुढे ६० अंशाला येतं −३. नव्वदला −६. तोंड वर, आणि चाल ६ सेंमी खाली! म्हणजे दुसरी पाकळी वर उमलत नाही, ती थेट तळाशी उमलते. ४५ ते १३५ अंशांत ती पूर्ण होते. मग १८० अंशाला r पुन्हा +६ आणि पाकळी डावीकडे. २७० अंशाला तोंड खाली, r −६, म्हणून शेवटची पाकळी वर. ३१५ पासून ३६० पर्यंत उजव्या पाकळीची राहिलेली खालची कड भरून निघते. उजवी, खालची, डावी, वरची : चार पाकळ्या.

तुमच्या कागदावर फक्त उजवी आणि डावी अशा दोनच पाकळ्या आल्या असतील, तर तुम्ही वजा r सोडून दिलेत. तो सगळ्यात जास्त वेळा होणारा घोटाळा.

अशा वक्ररेषांवर इटलीत ग्वीदो ग्रांदी नावाच्या गणितज्ञाने १७२८ साली एक पुस्तकच काढलं. तो धर्मसंघातला साधू होता आणि पिसाला शिकवायचा. या फुलाचं x, y मधलं समीकरण हवंय? घ्या : (x² + y²)³ = 36(x² − y²)². यात फूल दिसतं का कुठे? मला तरी दिसत नाही. अशा वेळी ध्रुवीय चिठ्ठीच बरी.

आता सांगा, r = 6 cos 3θ ला पाकळ्या किती? दोनला चार, म्हणून तीनला सहा? नाही, तीनच! पाकळ्यांची टोकं येतात ०, १२० आणि २४० अंशाला. १८० अंशाला r येतो −६. मागे चालत जा, तुम्ही पोहोचता शून्य अंशाच्या पाकळीच्या टोकावर, जी आधीच काढून झालीय. दुसऱ्या अर्ध्या फेरीत पेन्सिल नुसती जुन्या रेषांवरून फिरते. कोनाचा गुणक विषम असला की असंच होतं : जितका गुणक तितक्याच पाकळ्या. सम असला की दुप्पट. आणि गुणक १ असेल तर? एकच पाकळी, मघाचं ते वर्तुळ.

म्हणजे कर्कटकाने वहीच्या शेवटच्या पानावर सगळे जण काढतात तसं सहा पाकळ्यांचं फूल पूर्णांक गुणक घेऊन मिळतच नाही. ३ ची दुप्पट सहा, पण ३ विषम पडला, आणि ६ ला तर बारा पाकळ्या येतात. सहाच हव्या असतील तर r = 6 cos (3θ/2) काढून बघा. एका फेरीत भागणार नाही, ७२० अंश फिरावं लागेल, आणि पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या येतील.