कॅप्टन एकटा की सगळी टीम?

इंग्रजीत 'द कॅप्टन, ॲज वेल ॲज द प्लेअर्स,' यापुढे 'वॉज' लिहायचे की 'वेअर'? अनेक जण 'वेअर' लिहितात, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी अनेकवचनी 'प्लेअर्स' असते. व्याकरणाच्या नियमाने बरोबर आहे 'वॉज'. 'ॲज वेल ॲज' किंवा 'अलाँग विथ' यांनी जोडलेले नाम कर्त्यात मिळत नाही. क्रियापद पहिल्या नामाप्रमाणेच चालते. 'अँड' असते, तर मात्र 'वेअर'.

मराठीत हे आपण सहज पाळतो. 'मुलग्यांसह आई आली', पण 'आईसह मुलगे आले'. 'सह' लागले, की 'मुलगे'चे 'मुलग्यां' होते आणि ते कर्ता राहिले नाही हे लगेच कळते.

इंग्रजी नामाचे रूप असे बदलत नाही, म्हणून फसगत होते. शंका आली, की दोन स्वल्पविरामांमधला भाग बोटाने झाकावा आणि उरलेले वाक्य वाचावे.