लपलेला दोष आणि पिढ्यांचा हिशेब

केंब्रिजचे जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांच्यापुढे १९०८ साली एक शंका आली. आखूड बोटांचे वैगुण्य प्रभावी असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या ते समाजात वाढत का जात नाही? पनेट यांनी ती आपले क्रिकेटप्रेमी स्नेही, गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना सांगितली. हार्डींनी साध्या बीजगणिताने उत्तर दिले. त्याच वर्षी जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही तेच स्वतंत्रपणे मांडले. समाज मोठा असेल, विवाह त्या जनुकाच्या दृष्टीने यदृच्छेने होत असतील आणि उत्परिवर्तन, स्थलांतर व निवड नसेल, तर जनुकाच्या पर्यायी रूपांचे, म्हणजे युग्मविकल्पींचे, प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते.

फिनाइलकीटोन्युरिया या अप्रभावी विकाराचे उदाहरण घेऊ. युरोपात सुमारे १०,००० बालकांत एकाला तो होतो. बालकाला दोषयुक्त रूप आई आणि वडील या दोघांकडूनही मिळावे लागते. म्हणून त्या रूपाचे प्रमाण q मानले, तर q² = १/१०,००० आणि q = १/१००. एकच दोषयुक्त रूप असणारे निरोगी वाहक २pq, म्हणजे सुमारे पन्नासात एक. एका रुग्णामागे जवळजवळ दोनशे वाहक लपलेले असतात. रुग्णांना संतती झाली नाही तरी दोष लवकर नाहीसा होत नाही, तो यामुळे.

आता समतोल कसा ढळतो ते पाहू. मामाच्या मुलीशी विवाहाची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. अशा दांपत्याच्या अपत्यात जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता १/१६ असते. तसे घडल्यास विकाराची शक्यता १/१००. एरवी ती १/१०,००० च राहते. दोन्ही मिळून १०,००० त सुमारे सात, म्हणजे सातपट. मात्र q बदलत नाही. विखुरलेल्या प्रती केवळ एकत्र येतात. पुढील पिढीत विवाह यदृच्छेने झाले, तर मूळ प्रमाण एकाच पिढीत परत येते.

निवडीचे कार्य वेगळे. आफ्रिकेच्या मलेरियाग्रस्त भागांत सिकलसेलच्या वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले. रुग्ण विकाराने दगावतात, निर्दोष जनुकांचे काही लोक मलेरियाने. मधले वाहक तरतात आणि दोष टिकून राहतो.

म्हणून अभ्यासक आधी २pq वरून वाहकांची अपेक्षित संख्या काढतात, मग प्रत्यक्ष मोजणी करतात. वाहक अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर नात्यातील विवाहांचा किंवा परस्परांत विवाह न करणाऱ्या गटांच्या एकत्र मोजणीचा संशय येतो. प्रौढांत ते अधिक भरले, तर निवडीचा. नमुना लहान असल्यास मात्र हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.